दोन्ही पीस लिली एकाच वेळी माना टाकून बसल्या आहेत : पाणी जास्त झाले की कमी पडले?

विश्रामबागकर (सांगली), २६ एप्रिल

आमच्या घरी पीस लिलीच्या दोन कुंड्या आहेत. दोन्ही रोपे एकाच रोपवाटिकेतून एकाच वेळी आणलेली असून आकारानेही जवळजवळ सारखी आहेत. एक रोप बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून थोडे आत, चिनी मातीच्या शोभेच्या कुंडीत आहे. त्या कुंडीच्या आत रोपवाटिकेची मूळची प्लास्टिकची कुंडी तशीच ठेवलेली आहे. दुसरे रोप पश्चिमेकडच्या गॅलरीत आठ इंची प्लास्टिकच्या कुंडीत लावले असून रोपवाटिकेच्या कोकोपीटच्या गोळ्याभोवती गावाकडची काळी माती भरली आहे. खाली बशी आहे. दोन्ही रोपांना रोज सकाळी पेलाभर पाणी मिळते.

या आठवड्यात दोन्ही रोपांची पाने देठापासून खाली लोंबू लागली आहेत. बैठकीतल्या रोपाची खालची दोन पाने पिवळी झाली असून मातीचा वरचा थर कोरडा दिसतो, त्यामुळे आईच्या मते त्याला पाणी कमी पडते आहे. गॅलरीतल्या रोपाच्या पानांची टोके तपकिरी आणि कुरकुरीत झाली आहेत, पण त्याला घातलेले पाणी लगेच बशीत उतरते, म्हणजे ते पोटभर पाणी पिऊन उरलेले टाकते आहे, असे तिचे म्हणणे आहे. दोन्ही रोपे दिसतात सारखीच. मग उपाय कोणता करावा?

नंदू_कराड, २६ एप्रिल

पान पिवळे पडले की पाणी जास्त आणि पान वाळले की पाणी कमी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. त्या हिशेबाने बैठकीतल्या रोपाला पाणी जास्त झाले आहे आणि गॅलरीतल्या रोपाला कमी पडले आहे. पहिल्याचे पाणी बंद करून बाविस्टिनची आळवणी करावी, लिटरला दोन ग्रॅम पुरेसे होते. दुसऱ्याला एका पेल्याऐवजी दोन पेले पाणी घालावे. सांगलीत सध्या ऊनही चाळिशीला टेकलेले आहे.

वैशाली_मिरज, २६ एप्रिल

माझ्या अंगणातल्या तुळशीचेही असेच झाले आहे. दुपारी ती पूर्ण मरगळते आणि सकाळी पुन्हा ताजी दिसते. मी तिला दुपारी आणखी पाणी घालते. तिच्यावरही बाविस्टिन चालेल का? आम्ही तिची पाने रोज चहात घालतो.

बागवाला_तासगाव, २६ एप्रिल

वैशालीताई, जिची पाने आपण खाता त्या तुळशीवर कोणतेही बुरशीनाशक घालू नये. दुपारी मरगळून सकाळी आपोआप सावरणाऱ्या रोपाची मुळे बहुधा ठीक असतात. कडक उन्हात पानांतून जितके पाणी उडते तितके मुळांना त्या वेळी ओढता येत नाही, एवढेच. सकाळी माती ओलसर असेल तर दुपारचे जादा पाणी थांबवावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. नंदूरावांचा अंदाज बरोबर ठरूही शकेल, पण पानाच्या रंगावरून निकाल देण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. तहानलेले रोपही खालची जुनी पाने पिवळी करून सोडून देते आणि मुळे कुजलेल्या रोपाच्या पानांची टोकेही वाळतात. पान लोंबण्याचा अर्थ एवढाच की पानापर्यंत पाणी पोहोचत नाही. कुंडीत पाणीच नसल्यामुळे ते पोहोचत नाही, की पाणी भरपूर असूनही ते ओढणारी मुळी उरलेली नाही, हे पान सांगत नाही. त्यासाठी कुंडीतच पाहावे लागते.

विश्रामबागकर, आपण तीन गोष्टी करून पाहा. पहिली म्हणजे दोन्ही कुंड्या उचलून वजनाचा अंदाज घ्या. दुसरी म्हणजे न रंगवलेली लाकडी काडी किंवा जुनी उदबत्तीची काडी मातीत पार तळापर्यंत खुपसून दहा मिनिटे राहू द्या आणि बाहेर काढून ती कुठपर्यंत काळपट आणि ओली झाली आहे ते बघा. गॅलरीतल्या कुंडीत ती मधल्या गोळ्यातही खुपसा आणि कडेच्या काळ्या मातीतही. तिसरी म्हणजे बैठकीतली आतली कुंडी बाहेर काढून चिनी मातीच्या कुंडीच्या तळाशी काय आहे ते पाहा. तोपर्यंत दोन्ही रोपांना पाणी, खत किंवा औषध काहीही देऊ नका.

विश्रामबागकर, २७ एप्रिल

सांगितल्याप्रमाणे पाहिले आणि आई व मी दोघेही चकित झालो. बैठकीतली कुंडी अपेक्षेपेक्षा बरीच जड लागली. आतली कुंडी उचलली तर बाहेरच्या कुंडीत दोन बोटे पाणी साचलेले होते आणि त्याला गटारासारखा वास येत होता. वरचा इंचभर थर कोरडा असला तरी काडी त्याखाली पूर्ण काळी होऊन आली. मातीतून बारीक काळ्या माश्याही उडाल्या.

गॅलरीतली कुंडी मात्र रिकामी असावी इतकी हलकी होती. कडेच्या मातीत काडीचे फक्त टोक ओले झाले आणि मधल्या गोळ्यातून ती जशीच्या तशी कोरडी बाहेर आली. काळी माती कुंडीच्या भिंतीपासून सुटली असून तिथे बोट शिरेल एवढी फट पडली आहे.

बागवाला_तासगाव, २७ एप्रिल

म्हणजे आईंनी पाहिलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण त्यांचा अर्थ उलटा निघाला. गॅलरीत बशीत उतरणारे पाणी रोपाने पिऊन उरलेले नव्हते. काळी माती वाळताना आकसते आणि भेगाळते, हे आपल्याकडच्या रानात उन्हाळ्यात कोणालाही दिसते. कुंडीत ती भिंतीपासून सुटते. पेलाभर पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. शिवाय कोकोपीटचा गोळा एकदा खडखडीत वाळला की वरून ओतलेले पाणी तो सहजी शोषत नाही, ते त्याच्या अंगावरून घरंगळते. त्यामुळे एकाऐवजी दोन पेले घातले असते तरी बशी दुप्पट भरली असती आणि गोळा कोरडाच राहिला असता.

या रोपासाठी असे करावे. बादलीत कुंडीच्या काठाच्या किंचित खालपर्यंत येईल इतके साधे पाणी घेऊन कुंडी त्यात बसवावी. सुरुवातीला कुंडी तरंगली तर हाताने धरून ठेवावी. बुडबुडे येत राहतील. ते थांबेपर्यंत आणि मातीचा वरचा थर खालून ओला होईपर्यंत, म्हणजे अर्धा ते पाऊण तास, ती तशीच ठेवावी. नंतर बाहेर काढून पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि त्याच वेळी कुंडीचे वजन हाताला लक्षात ठेवावे. भिंतीलगतच्या फटीत भुसभुशीत मिश्रण भरावे. थेट पश्चिमेच्या उन्हातून रोप काढून उजेडाच्या सावलीत ठेवावे. लोंबलेली पाने काही तासांत उभी राहायला हवीत. वाळलेली टोके पुन्हा हिरवी होत नाहीत. इतक्यात खत मात्र देऊ नये, कारण ताणातून उठणाऱ्या मुळांना खताच्या क्षारांचा त्रास होतो.

बैठकीतल्या रोपाची गोष्ट आम्हा ऊस-द्राक्षवाल्यांना परिचयाची आहे. जमिनीला वापसा नसेल तर पाण्यात उभे पीकसुद्धा दुपारी सुकल्यासारखे दिसते. मुळीला पाण्याइतकीच हवा लागते आणि साचलेल्या पाण्यातून प्राणवायू हवेच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने पसरतो. हवा संपली की मुळी आधी पाणी ओढणे कमी करते आणि मग कुजते. वरून घातलेला पेला रोज तळातल्या पाण्यात भर घालत होता. पुढची कृती करण्याआधी साताऱ्याच्या अनुराधाताईंनी लिहावे असे मला वाटते, कारण कुंडीतल्या रोपांचा त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे.

अनुराधा_सातारा, २७ एप्रिल

बागवाल्यांनी निदान नेमके केले आहे. रोपवाटिकेत मी बरीच वर्षे काम केले असून पीस लिलीच्या बाबतीत दोन गोष्टी प्रथम सांगते. हे रोप तहानेने फार नाट्यमय रीतीने कोसळते आणि पाणी मिळताच तितक्याच लवकर उठते, त्यामुळे लोक त्याची मान खाली गेली की पाणी घालायला शिकतात. नेमकी हीच सवय मुळे कुजलेल्या रोपाचा जीव घेते. ओल्या मातीत लोंबलेल्या पीस लिलीला पाणी घालणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे.

आता रोप बाहेर काढा. कुंडी आडवी धरून बाजूंवर थोपटली की गोळा सुटतो. खेचू नका. गोळा जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून मुळे पाहा, आणि इथे केवळ रंगावर विसंबू नका. आमच्या शेतकरी मित्रांची पांढरी मुळी मातीच्या रोपाला लागू पडते, पण कोकोपीटमध्ये वाढलेली निरोगी मुळेही चहाच्या रंगाची दिसतात. त्याऐवजी मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा. चांगले मूळ टणक लागते आणि अखंड राहते. कुजलेल्या मुळाची साल मोज्यासारखी निसटून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. वासही लगेच कळतो.

मुळे टणक असतील, कूज नसेल आणि फक्त गोळा चिंब असेल, तर काहीही कापू नका. गोळा कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत ठेवा, कागद ओला झाला की बदला आणि दुसऱ्या दिवशी त्याच कुंडीत परत लावा. पुष्कळ रोपांना एवढेच पुरते.

कूज असेल तर गोळ्यातली चिंब माती नळाच्या हलक्या धारेखाली धुऊन टाका. कात्री स्पिरिटने पुसून प्रत्येक कुजलेले मूळ टणक भाग लागेपर्यंत मागे कापा. मग जिथून पाने फुटतात तो बुंधा दाबून पाहा. तो टणक असेल तर दोन-तीन मुळांवरही रोप उठते. बुंधाच मऊ झाला असेल तर ते रोप संपले. पण पीस लिलीच्या एका कुंडीत बहुधा अनेक फुटवे असतात, त्यातले टणक बुंध्याचे फुटवे वेगळे करून लावता येतात.

लावताना कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची घ्या, पूर्वीच्या पानांच्या मापाची नको. मूठभर मुळांभोवती मोठ्या कुंडीतली माती लावली तर ती मुळे तेवढे पाणी उचलू शकत नाहीत आणि माती पुन्हा आठवडाभर चिंब राहते. मिश्रणात दोन भाग कोकोपीट, एक भाग पर्लाईट किंवा जाळलेले भाताचे तूस आणि थोडेसे गांडूळखत पुरे. काळी माती घालू नका. एकदाच पाणी घालून माती बसवा, पूर्ण निथळू द्या आणि पुढे वरचे दीड-दोन इंच कोरडे झाल्यावरच पाणी द्या. पिवळी पाने काढून टाका. रोप उजेडात ठेवा, उन्हात नको.

नंदू_कराड, २७ एप्रिल

बैठकीतल्या रोपाबद्दल माझे म्हणणे खरे ठरले, हे नमूद करतो. मात्र कूज आहे तर बाविस्टिन का नको, हे समजले नाही. तसेच कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घालायचे कोणीच लिहिले नाही. आमच्याकडे आजोबांच्या काळापासून सर्व कुंड्यांत ते घालतात आणि झाडे उत्तम आहेत.

बागवाला_तासगाव, २७ एप्रिल

नंदूराव, साचलेल्या पाण्यातली मुळकूज बहुतेक वेळा पिथियम किंवा फायटोप्थोरा या गटातल्या जीवांमुळे होते. ते खऱ्या बुरशीपेक्षा वेगळे असून आमच्या द्राक्षांवरच्या डाऊनीचे भाऊबंद आहेत. डाऊनी आली की कोणताही बागायतदार बाविस्टिन मारत नाही, कारण त्यातले कार्बेन्डाझिम या गटावर चालत नाही. त्यासाठी मेटालॅक्झिलसारखे औषध लागते, पण घरातल्या एका कुंडीसाठी ते आणून बैठकीत ठेवावे असे मला वाटत नाही. ट्रायकोडर्मा नव्या मिश्रणात घालायला हरकत नाही, मात्र ते राखण करते, कुजलेले मूळ परत आणत नाही. कूज कापून हवा मिळवून दिली की बहुतेक काम होते.

अनुराधा_सातारा, २८ एप्रिल

विटांच्या तुकड्यांबद्दल माझे मत वेगळे आहे. बारीक मिश्रणातले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. मिश्रण पूर्ण भरल्यावरच ते खाली टपकते. त्यामुळे तळाचा चिंब थर नाहीसा न होता फक्त वर सरकतो आणि मुळांना मिळणारी मोकळी जागा तेवढी कमी होते. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून एखादी खापरी ठेवायला माझी हरकत नाही.

नंदू_कराड, २८ एप्रिल

वाचले, पण पटले नाही. आमच्या कुंड्या चाळीस वर्षे चालल्या आहेत.

अनुराधा_सातारा, २८ एप्रिल

त्या मातीच्या कुंड्या असतील. त्यांच्या भिंतींतूनही पाणी उडते, त्यामुळे तिथे विटा असोत वा नसोत, झाडे टिकतात. प्लास्टिकच्या कुंडीत एकच मिश्रण दोन रीतींनी भरून, सारखे पाणी घालून आपण स्वतः वजन करून पाहावे.

विश्रामबागकर, २८ एप्रिल

गॅलरीतली कुंडी काल सकाळी बादलीत ठेवली. बराच वेळ बुडबुडे येत राहिले. संध्याकाळपर्यंत मधली पाने उभी राहिली आणि आज सकाळी बाहेरची एक-दोन सोडून सगळी सावरली आहेत. घरातल्या ताणकाट्यावर वजन केले तेव्हा बादलीत ठेवण्यापूर्वी ते अडीच किलो होते आणि निथळल्यावर तीन किलो नऊशे ग्रॅम भरले. म्हणजे जवळजवळ दीड लिटर पाण्याची जागा रिकामी होती.

बैठकीतल्या रोपाची निम्म्याहून अधिक मुळे हाताला लागताच निसटली. तळातली सर्व गेली होती. वरच्या दोन इंचांतली मात्र टणक होती. तीन फुटव्यांपैकी एकाचा बुंधा मऊ निघाला, तो टाकून दिला. उरलेले दोन पाच इंची कुंडीत लावले आहेत. पण ते अजून लोंबलेलेच आहेत. यावर पारदर्शक पिशवी घालावी का?

अनुराधा_सातारा, २८ एप्रिल

तळातली मुळे जाऊन वरची वाचणे हीच साचलेल्या पाण्याची खूण आहे. हे रोप गॅलरीतल्यासारखे संध्याकाळी उठणार नाही, कारण त्याला नवी मुळे करावी लागतील. दोन-तीन आठवडे ते जसेच्या तसे राहिले तरी काळजी करू नका. त्या काळात लोंबलेली पाने पाहून पाणी घालण्याचा मोह आईंना होईल, तो आवरायला सांगा.

सध्याच्या कोरड्या हवेत सैल पिशवीचा उपयोग होतो, कारण थोड्या मुळांवर पानांचा भार कमी होतो. मात्र ती रोज थोडा वेळ काढावी आणि पानांवर बुरशीचे डाग दिसले तर बंद करावी. काही जण पिशवीऐवजी निम्मी पाने कापतात. ते मला फारसे आवडत नाही, कारण नव्या मुळांचे अन्न त्याच पानांतून येते.

गोडोलीचा_रहिवासी (सातारा), ३ मे

धागा उपयुक्त आहे. माझ्याकडे पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट आहे. त्याच्या पानांवर उभ्या सुरकुत्या पडल्यामुळे तहान समजून मी पाणी वाढवले, तरी सुरकुत्या वाढतच आहेत आणि आता एक पान बुडाशी कलले आहे. त्यालाही बादलीत ठेवावे का?

बागवाला_तासगाव, ३ मे

बादलीत ठेवू नका. पाणी वाढवूनही सुरकुत्या वाढत असतील तर पाणी पानापर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. कललेल्या पानाचे बूड दाबून पाहा. ते मऊ आणि पिवळसर असेल तर कूज खालच्या गड्ड्यापर्यंत गेली आहे. बूड टणक आणि कुंडी हलकी असेल तरच ती तहान.

विश्रामबागकर, ९ जून

पाऊस सुरू झाल्यामुळे पुन्हा लिहितो आहे. बैठकीतल्या रोपाने मे महिन्याच्या शेवटी मधून एक गुंडाळलेले नवे पान काढले आणि ते आता उघडले आहे; जुनी दोन पाने मात्र गेली. पिशवी काढून टाकली आहे आणि चिनी मातीची कुंडी आता वापरत नाही. गॅलरीतल्या रोपाला पेल्याच्या हिशेबाने पाणी देणे बंद केले असून कुंडी तीन किलोच्या आसपास उतरली की भरपूर पाणी देतो आणि बशी रिकामी करतो. उन्हाळ्यात हे तीन-चार दिवसांनी होत असे, आता आठवडा उलटतो.

एक गोष्ट अजून कळत नाही. माती ओलसर राहूनही गॅलरीतल्या नव्या पानांची टोके थोडी तपकिरी होतात. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे.

नंदू_कराड, ९ जून

बोअरच्या पाण्यातले क्षार हेच कारण असणार. पावसाचे पाणी साठवून घालावे.

बागवाला_तासगाव, १० जून

क्षारांची शक्यता आहेच. नदीकाठच्या क्षारपड जमिनी आपल्या भागाला नव्या नाहीत. पण एप्रिलमध्ये कोरड्या गोळ्यात मेलेल्या बारीक मुळांचा परिणामही काही काळ टोकांवर दिसू शकतो. दोन्हींतले एक निवडण्याइतका पुरावा आज नाही. पावसाचे पाणी घालून आणखी दोन पाने येईपर्यंत पाहावे.

गोडोलीचा_रहिवासी (सातारा), १२ जून

बूड मऊ निघाले आणि गड्डाही गेलेला होता. पानाचा वरचा टणक भाग कापून, दोन दिवस सुकवून लावला आहे. त्याला मुळे फुटतील ना?

अनुराधा_सातारा, १२ जून

फुटतील, पण एक-दोन महिने लागतील आणि माती जेमतेम ओलसर ठेवावी लागेल. साताऱ्याच्या पावसाळी हवेत तर आणखी हात आखडता घ्यावा. पिवळ्या काठाच्या पानाच्या तुकड्यापासून येणारी रोपे मात्र साधी हिरवीच निघतात. काठ हवा असेल तर जुन्या कुंडीत गड्ड्याचा टणक तुकडा कुठे उरला आहे का, तो आधी शोधा.